‘काहीही बोल, चालतंय’ म्हणणाऱ्याला पुढे काय विचारायचं

पुण्यात ओपन माइक करायला लागून मला सात वर्षं झाली. त्यात रोस्ट बॅटल, म्हणजे दोन कॉमेडियननी स्टेजवर आळीपाळीने एकमेकांची खेचायची, अशा चारच केल्या. पण मित्रांच्या आणि ऑफिसातल्या कार्यक्रमांत ‘तू कॉमेडी करतोस ना, मग जरा खेच त्याची’ म्हणून किती वेळा उभा राहिलो, ते मोजलेलं नाही. नवीन पोरं भेटली की बॅटलला घाबरतात आणि मैत्रीतला रोस्ट म्हणजे घरचंच कार्य समजतात. माझं सगळ्यात वाईट पानिपत घरच्या कार्यातच झालं.

ऑफिसातले एक सीनियर नोकरी सोडून चालले होते. निरोप समारंभ एका हॉलमध्ये होता. आयोजन करणारे म्हणाले, “बिनधास्त बोल, सर एकदम स्पोर्टिंग आहेत.” मी आदल्या रात्री अर्ध्या तासात पाच-सहा विनोद लिहिले. त्यातला एक असा होता: “सर दर शुक्रवारी पाच वाजता क्लायंट मीटिंगला निघायचे. आम्हाला नंतर कळलं, क्लायंटच्या दारावर ‘परमिट रूम’ अशी पाटी आहे.” कँटीनमध्ये हा विनोद आम्ही त्यांच्या तोंडावर दहा वेळा केला होता आणि तेच सगळ्यात जास्त हसायचे. त्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत त्यांची बायको आणि सासरे बसले होते. सर घेतात हे अख्ख्या ऑफिसला माहीत होतं, घरी माहीत नव्हतं.

मागच्या खुर्च्यांवरून हशा आला. पुढच्या दोन रांगांनी आधी सरांकडे पाहिलं. ही खूण लक्षात ठेवा. विनोद बरोबर बसला असेल तर लोक आधी हसतात आणि मग ज्याच्यावर झाला त्याच्याकडे बघतात. आधी त्याच्याकडे बघून मग हसायचं की नाही ते ठरवत असतील, तर तुम्ही आत घुसू नये अशा खोलीत शिरलेले असता. सर हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. उरलेले दोन विनोद मी गिळले आणि त्यांनी मला पहिल्यांदा कोड शिकवला तो किस्सा सांगून खाली उतरलो.

नंतर विचार करताना ध्यानात आलं की त्या दिवशी सरांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांच्या वतीने आयोजकांनी ‘हो’ म्हटलं होतं. कँटीनमधल्या त्यांच्या हसण्याला मी परवानगी धरलं, पण ती कँटीनपुरती होती.

बॅटलमध्ये हा घोळ सहसा होत नाही, कारण तिथे दोघंही कॉमेडियन, दोघांच्या हातात माइक आणि दोघांना तारीख आधीच माहीत. बॅटलचा आज जो साचा सगळीकडे दिसतो तो लॉस एंजेलिसच्या ‘द कॉमेडी स्टोअर’मधल्या ‘बेली रूम’ या छोट्या खोलीत २०१३ साली सुरू झाला. कॉमेडियन ब्रायन मोझेस तो कार्यक्रम चालवायचा. नियम तीनच: विनोद स्वतःचे हवेत, अंगाला हात लावायचा नाही आणि शेवटी एकमेकांना मिठी मारायची. ती मिठी मला आधी नाटकी वाटायची. दोनेक बॅटल केल्यावर कळलं की ती प्रेक्षकांसाठी असते. इतका वेळ चाललेलं भांडण दोघांनी ठरवून केलं होतं, हे त्यांना डोळ्यांनी दिसायला लागतं. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडातही समोरच्या शाहिराला सवालात अडकवायचं, पण जबाब द्यायची पाळी त्याची असतेच. पाळी मिळणार हे माहीत असलं की माणूस पुष्कळ सोसतो.

आता माझ्या तिसऱ्या बॅटलचं सांगतो. समोर अकोल्याचा एक मित्र होता. चौतिशीचा, टक्कल पडलेला, दिवसा विमा विकणारा, दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झालेला. प्रत्येकी पाच विनोद, आळीपाळीने. तीन आठवडे आधी मी त्याला फोन केला. काय चालेल विचारलं तर म्हणाला, “भाऊ, काहीबी बोल न बे.” हे उत्तर घेऊन फोन ठेवायचा नाही. काहीही म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या वेळी एकही विशिष्ट गोष्ट नसते. म्हणून मी एकेक विषय घेतला. टक्कल? चालेल. विमा? चालेल. घटस्फोट? तो थोडा थांबला आणि म्हणाला, चालेल. वडील? “बाबा नको. दवाखान्यात आहेत.” हे मला माहीतच नव्हतं आणि वडिलांच्या पॉलिसीवर एक विनोद माझ्या वहीत लिहून तयार होता. मीही माझं सांगितलं: माझ्या बहिणीचं नाव काढायचं नाही, बाकी मैदान मोकळं.

विषय विचारायचे, विनोद वाचून दाखवायचे नाहीत. विनोद आधी कळला तर स्टेजवर समोरच्याचा चेहरा खोटा होतो आणि प्रेक्षकांना ते दिसतं.

‘चालेल’च्या आधी तो जो थांबला, त्याने मला आठवडाभर छळलं. घटस्फोटावर माझा पहिला खर्डा असा होता की बायको ह्याला कंटाळून पळाली, आणि पुढे ती कुणाकडे गेली याबद्दल एक पंच. ओपन माइकवर हे हमखास वाजलं असतं. पण नीट बघितलं तर मार कुणाला बसत होता? तिला. ती ना स्टेजवर, ना तिने कुणाला ‘हो’ म्हटलेलं. माझ्या मित्राने स्वतःच्या घटस्फोटाची मुभा दिली होती, तिच्या आयुष्याची मुभा त्याच्याकडे नव्हतीच. शिवाय विनोद म्हणूनही तो आळशी होता, कुठल्याही घटस्फोटिताला चिकटवता आला असता. मग त्याच्याबद्दल जे मला खरंच माहीत होतं तिकडे वळलो. कुठल्याही चर्चेत त्याचं कुणाशीच पटत नाही, अगदी चहा कुठे प्यायचा यावरही. आणि घटस्फोट झाला होता परस्परसंमतीने. तिथे विनोद सापडला: “ह्याचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ह्याच्याशी एकमत झालं.”

खर्ड्यापेक्षा हा जास्त लागतो, कारण त्यात त्याचा स्वभाव आहे. तयारीचा अर्थ माझ्यासाठी हा आहे. तयारी नसेल तर हात डोळ्यांना दिसतं तिकडेच जातो: रंग, पोट, उंची, बोली. ती कुणीही, ओळख नसतानाही, काढू शकतो, आणि ऐकणाऱ्याला ते जाणवतं. पाच विनोदांसाठी मी तीसेक लिहितो. पहिले दहा बहुतेक दिसण्यावरचे निघतात आणि कचऱ्यात जातात. शिवाय समोरचा माझ्यावर काय टाकेल याची यादी करून दोन उत्तरं खिशात ठेवतो. माझं तोतरं बोलणं तो काढणार हे नक्की होतं. त्याने काढलंच: “हा सेटअप करेपर्यंत माझी पॉलिसी मॅच्युअर होते.” मी म्हटलं, “म-माझी अडखळण्याची तरी वेळ ठरलेली आहे, तुझे क्लेम कधी येतात?” घटस्फोटाचा विनोद मी शेवटी ठेवला होता. तो हसत खाली बसला, आणि बॅटल तरीही तोच जिंकला.

मंचावर नसलेल्या माणसांचा हा प्रश्न मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडीचा रोस्ट मे २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर थेट दाखवला गेला. तो स्वतः राजीखुशीने बसला होता. विनोदांतले बरेचसे त्याच्या मोडलेल्या लग्नावर होते. नंतर त्याने सांगितलं की स्वतःवरचे विनोद त्याला आवडले, पण त्याचा मुलांवर जो परिणाम झाला तो आवडला नाही. खुर्चीत बसणाऱ्याची परवानगी त्याच्या खुर्चीएवढीच असते.

याच कारणाने आडनावावरून जात काढणारा विनोद मी समोरच्याने आग्रह केला तरी करत नाही. तो स्वतःपुरतं ‘चालेल’ म्हणू शकतो, त्याच आडनावाचा जो माणूस आठव्या रांगेत बसलाय त्याच्या वतीने नाही. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे स्टेजवर जाण्याआधी माहीत असलेलं बरं.

मैत्रीतला रोस्ट आता मी कसा करतो? ज्याचा रोस्ट आहे त्याला एकट्याला गाठतो. ग्रुपवर विचारलं तर नाही म्हणणं म्हणजे ‘स्पोर्टिंग नाही’ असा शिक्का, म्हणून कुणी नाही म्हणत नाही. पहिला प्रश्न ‘काय चालेल?’ हा नसतो. विचारतो, “कोण कोण येणार आहे?” बायको, सासरे, नवा बॉस, मुलं, सगळी नावं झाली की मग, “यांच्यापैकी कुणाला काय माहीत नाही?” परमिट रूम या प्रश्नाला लगेच बाहेर आली असती. आदल्या दिवशीपर्यंत तू कुठलाही विषय मागे घे, मी ‘का’ म्हणून विचारणार नाही, असं सांगून ठेवतो. चार मिनिटांच्या वर बोलत नाही. आणि शेवटी माइक त्याच्या हातात देतो. तो कॉमेडियन नसतो, म्हणून माझ्यावरचे दोन-तीन विनोद मीच लिहून देतो. बॅटलमध्ये प्रतिस्पर्ध्याला फुकट विनोद देणारा वेडा ठरेल, इथे मात्र त्याशिवाय सामना बरोबरीचा होत नाही.

राहिला कॅमेरा. न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लब या कलाकारांच्या क्लबचे जुने रोस्ट बंद दाराआड व्हायचे, म्हणून तिथली भाषा टीव्हीवर कधी येऊ शकली नसती अशी असायची. आपल्याकडे दार उघडं राहिलं की काय होतं ते एआयबी या कॉमेडी ग्रुपच्या ‘नॉकआउट’ या रोस्टने दाखवलं. मुंबईत वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये डिसेंबर २०१४ला रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर समोर बसून हसले, प्रेक्षक तिकीट काढून आले होते, त्या रात्री काहीच बिघडलं नाही. जानेवारीत व्हिडिओ यूट्यूबवर आला. मग तक्रारी झाल्या, फेब्रुवारीच्या सुरुवातीला व्हिडिओ काढावा लागला आणि पुढे गुन्हेही नोंदले गेले. तक्रार करणारे खुर्चीतले नव्हते, त्या खोलीतलेही नव्हते.

म्हणून रेकॉर्डिंगची परवानगी मी वेगळी आणि कार्यक्रमानंतर मागतो. अकोलेकराला बॅटलचा व्हिडिओ पाठवला तेव्हा त्याने दोन दिवस घेतले आणि लिहिलं, “घटस्फोटवाला काढ. मी हसलो तेव्हा खरंच हसलो. पण तिची आई यूट्यूब बघते.” पाचातला माझा सगळ्यात चांगला विनोद गेला. व्हिडिओत त्या जागी कट स्पष्ट दिसतो: तो उभा आहे, आणि एकदम हसत खाली बसलेला आहे.