यूपीआय पेमेंट ‘पेंडिंग’: पैसे पोहोचतील की परत येतील?

ॲपचा पडदा बाजूला ठेवा आणि आधी बँकेचं पासबुक किंवा स्टेटमेंट उघडा. एसएमएस उशिरा येतो, कधी येतही नाही.

यूपीआयमध्ये आधी पाठवणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा होते, मग घेणाऱ्याच्या बँकेला जमा करण्याचा निरोप जातो. त्या बँकेने स्पष्ट नकार दिला, तर पैसे सहसा काही मिनिटांत परत येतात. अडचण होते ती बँक गप्प राहिली की. पैसे जमा झाले असू शकतात, फक्त ‘झाले’ हे उत्तर वाटेत अडकलेलं असतं. म्हणून व्यवहार लगेच उलटवत नाहीत, नाहीतर एकच रक्कम दोन्हीकडे जाईल.

समजा 1,200 रुपये पाठवले आणि ते वजा झालेत. व्यवहाराच्या तपशिलातला 12 अंकी यूटीआर क्रमांक घेणाऱ्याला द्या आणि त्याच्या स्टेटमेंटमध्ये शोधायला सांगा. तो क्रमांक जमा बाजूला सापडला, तर काम झालं. ॲप मागून सुधारेल. नसेल, तर थांबा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यक्तीला पाठवलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत परत यायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

रक्कम वजाच झाली नसेल, तर व्यवहार बहुधा फसतो. पण ‘फेल्ड’ दिसेपर्यंत पुन्हा पाठवू नका. दुहेरी पेमेंट इथेच होतं, आणि दोन्ही यशस्वी झाली तर दुसरी रक्कम आपोआप परत येत नाही.