विक्रीचा अंदाज बांधताना या चुका टाळा: सरकती दिवाळी आणि मागे राहणारी सरासरी

कापड दुकानाची 2022 ते 2024 ची महिनावार विक्री आहे आणि 2025 चा अंदाज काढायचा आहे, असं धरू. (आकडे समजण्यापुरते, सोयीचे घेतले आहेत.)

पहिली चूक म्हणजे शेवटच्या बारा महिन्यांची सरासरी काढून तोच जानेवारीचा अंदाज समजणं. ही सरासरी खरं तर जून आणि जुलैच्या मधोमध बसते, म्हणजे जानेवारीच्या साडेसहा महिने मागे. विक्री दरमहा 5 हजारांनी वाढत असेल, तर अंदाज तिथेच साडेबत्तीस हजारांनी कमी येतो. म्हणून लागोपाठच्या दोन सरासऱ्यांची सरासरी घेऊन ती महिन्यावर आणायची. B2 मध्ये जानेवारी 2022 असेल तर जुलैसमोर, C8 मध्ये, हे सूत्र लिहा आणि C31 पर्यंत ओढा:

```
=(AVERAGE(B2:B13)+AVERAGE(B3:B14))/2
```

या स्तंभाची चढती रेषा पुढे वाढवली की 2025 ची मूळ पातळी मिळते. पुढे प्रत्येक महिन्याची विक्री या सरासरीने भागून शंभराने गुणायची, की हंगामी गुणोत्तर तयार.

पण मोजून बघा: 36 महिन्यांतून सरासऱ्या मिळतात 24. सुरुवातीचे सहा आणि शेवटचे सहा महिने गळतात. म्हणजे तीन वर्षांची वही असूनही प्रत्येक महिन्याला गुणोत्तरं दोनच, आणि ऑक्टोबरला फक्त 2022 आणि 2023 ची.

खरा घोळ इथे होतो. लक्ष्मीपूजन 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला होतं, 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे 12 नोव्हेंबरला. त्यामुळे ऑक्टोबरची गुणोत्तरं 160 आणि 115 निघाली, नोव्हेंबरची 100 आणि 155. सरासरी घेतली की ऑक्टोबर 137.5, नोव्हेंबर 127.5. असा ऑक्टोबर दुकानाने कधी पाहिलाच नव्हता! शेजारच्या दोन महिन्यांची गुणोत्तरं अशी एकमेकांविरुद्ध उड्या मारताना दिसली की सण सरकला आहे असं समजावं.

2025 ची दिवाळी 21 ऑक्टोबरला, म्हणजे सगळी खरेदी ऑक्टोबरातच. मूळ पातळी 4 लाख धरली, तर सरासरीच्या हिशेबाने ऑक्टोबर 5.5 लाख आणि नोव्हेंबर 5.1 लाख येतो. त्याऐवजी दोन महिन्यांची एकत्र बेरीज घ्या: 260 आणि 270, सरासरी 265. दोन साध्या महिन्यांचे 200 वजा केले की दिवाळीचा वाटा 65 उरतो. तो सणाआधीच्या चौदा दिवसांत समान वाटा आणि ते दिवस कोणत्या महिन्यात पडतात ते पाहा. 2025 मध्ये सगळे ऑक्टोबरात, म्हणून ऑक्टोबर 165 म्हणजे 6.6 लाख, नोव्हेंबर 4 लाख. सरासरीवर विसंबून माल भरला असता तर दिवाळीत लाखभराचा माल कमी पडला असता आणि नोव्हेंबरात तेवढाच अंगावर पडला असता.

2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, सात दिवस इकडे, सात तिकडे. तेव्हा सरासरीचा आकडा योगायोगाने बरोबरच्या जवळ येईल, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं पकडली जात नाही. चौदा दिवस हाही माझा अंदाज; तुमच्या बिलबुकात तारीखवार पाहून तो बदला.

शेवटी बाराही गुणोत्तरांची बेरीज 1200 येते का ते तपासा. 1212 आली तर प्रत्येकाला 1200/1212 ने गुणा, नाहीतर अख्ख्या वर्षाचा अंदाज एक टक्क्याने फुगतो.