दहा मिनिटांचा डेमो पाठ: या चुका टाळा

मुलाखतीला येणारे बहुतेक उमेदवार बीएडच्या सराव पाठाचं टाचण तसंच उचलून आणतात. ते असतं पूर्ण तासिकेचं. मग प्रास्ताविकातच घड्याळ निम्म्यावर येतं आणि उरलेला पाठ धावत संपतो.

धुळ्याकडच्या एका संस्थेत विषयतज्ज्ञ म्हणून बसलो होतो. पाचवीचा घटक, सममूल्य अपूर्णांक. उमेदवाराने 'घरी भाकरी कोण करतं?' इथून सुरुवात केली आणि तो कळण्याच्या भाकरीवरून ठेच्यापर्यंत पोचला. वेळ गेल्याचं लक्षात आल्यावर फळ्यावर घाईने दोन भाकऱ्या काढल्या, एक मोठी, एक लहान. मोठीचा 1/2 भाग रंगवला, लहानीचा 2/4, आणि म्हणाला, दोन्ही सारखे. विद्यार्थी बनून बसलेले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "सर, माले ती मोठीच द्या, तिन्हामा जास्त शे." सगळे हसले, उमेदवारही हसला आणि सरळ गुणाकाराच्या नियमाकडे वळला. खरं तर पाठ तिथेच उभा होता. पूर्ण वस्तू सारखी असेल तरच भागांची तुलना होते, हे सांगायची आयती संधी त्याने घालवली.

मी स्वतः वर्तुळ काढतच नाही, हाताने सारखं येत नाही. कागदाच्या समान लांबीच्या पट्ट्या घरून कापून न्या. पहिलं मिनिट एका प्रश्नाला. पुढची चार मिनिटं घडीला: एक घडी, निम्मा भाग रंगवा, 1/2. तीच पट्टी पुन्हा दुमडा, 2/4. आणखी एकदा, 4/8. रंग तेवढाच राहिला, तुकडे वाढले. हे समोरच्यांच्या तोंडून यायला हवं, तुम्ही सांगायचं नाही. नंतर तीन मिनिटं फळा: 1/2, 2/4, 4/8 एका ओळीत लिहून, अंश आणि छेद दोन्ही एकाच संख्येने गुणले गेले, एवढंच काढून घ्या. बेरीज, समच्छेद, काही नको. घाईवाल्यांना हे कमी वाटतं. वाटू द्या.

शेवटची दोन मिनिटं पडताळणीची, आणि इथे 'समजलं का?' हा प्रश्न विचारूच नका. 'हो'शिवाय उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचारा: अंश आणि छेद दोन्हींत 2 मिळवले तर 1/2 चे 3/4 होतात, मग हेही सममूल्य का? पोरं हमखास इथेच फसतात. तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी दोनदा दुमडून चार भाग करा, त्यातले तीन रंगवून अर्ध्या रंगवलेल्या पट्टीशेजारी धरा. समितीतलं कुणी 3/6 कसं दाखवणार असं विचारलं, तर निम्म्या-निम्म्या घड्यांनी ते येत नाही हे मोकळेपणाने सांगा आणि आधीच सहा समान भाग आखलेली वेगळी पट्टी काढा.

छापील चार्ट आणू नका. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. घंटा वाजली की वाक्य पुरं करा आणि थांबा. 'फक्त एक मिनिट सर' म्हणू नका.