सुरतच्या ताईच्या घरासाठी वादळाची यादी, जळगावहून

खान्देशाला समुद्र नाही, पण खान्देशातली निम्मी पाहुणेमंडळी समुद्राच्या अंगाला राहतात. सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोलीत फिरलं की अहिराणी कानावर पडतेच. मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळ उठलं की इकडून फोन सुरू होतात, "ताई, कशी शे तू?" फोन करावाच, पण काय करायचं हेही त्यात सांगावं. म्हणून ताईचंच घर धरून यादी लिहितो: लिंबायतला चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माणसं पाच, गच्चीवर पाण्याची टाकी आणि पत्र्याची शेड.

आधी इशारा घड्याळासारखा वाचायला शिकायचं. हवामान खातं साधारण 72 तास आधी पहिली सूचना देतं, ती मुख्यतः सरकारी यंत्रणेसाठी असते. किनाऱ्यावर वाईट हवामान सुरू होण्याच्या निदान 48 तास आधी पिवळा इशारा, 24 तास आधी नारिंगी आणि वादळ जमिनीवर येण्याच्या साधारण 12 तास आधी लाल. पावसासाठी जिल्ह्याजिल्ह्याला जे रंग देतात ते वेगळे, त्यांची गल्लत करू नये. वादळ तयार झालं की दर तीन तासांनी नवं पत्रक निघतं. त्यावरची वेळ बघायची, कारण व्हॉट्सअॅपवर फिरणारा नकाशा बहुतेक वेळा कालचा असतो. आणि वादळाला 'अति तीव्र' म्हटलंय म्हणून घाबरून जायचं नाही. तो वेग केंद्राजवळचा असतो. आपल्या जिल्ह्यासाठी वाऱ्याचा आणि झोतांचा वेग किती दिलाय, तो शोधायचा.

केंद्र कुठून जाणार हेही त्याच पत्रकात असतं, आणि त्यावरून वारा कुठल्या बाजूने मारणार ते कळतं. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. मे 2021 मधलं तौक्ते सौराष्ट्रात उनाजवळ शिरलं. तसं वादळ सुरतच्या पश्चिमेकडून वर चढलं तर सुरतेला वारा आधी पूर्व-आग्नेयेकडून आणि मग फिरत दक्षिणेकडून, नैऋत्येकडून येणार. 3 जून 2020 ला निसर्ग अलिबागजवळ आलं. तसं दक्षिणेला जमिनीवर आलं तर सुरतला वारा पूर्व-ईशान्येकडून. ताईची गॅलरी दक्षिणेला आहे, म्हणजे तौक्तेच्या वाटेचं वादळ तिला जास्त त्रासाचं.

पिवळ्या दिवशी खरेदी आणि औषधं. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरलं तर पाच जणांचं तीन दिवसांचं 60 लिटर होतं, म्हणजे 20 लिटरचे तीन जार. वापरायचं पाणी वेगळं, ते बादल्या-पिंपात. खायला चूल न पेटवता चालेल असंच घ्यायचं: दशम्या, शेंगदाणे, गूळ, फुटाणे, मुरमुरे. घरात बिबड्यांचा डबा असतोच, पण ते तळायला-भाजायला गॅस लागतो, म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नये. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभराच्या. इन्सुलिन असेल तर फ्रिज बंद पडल्यावर ते कुठे ठेवायचं ते आधीच ठरवायचं. माठाजवळ ओल्या फडक्यात चालतं, बर्फाला टेकवायचं नाही. आधार, रेशनकार्ड, बँकेची पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारायची. मेणबत्त्या नकोत, वाऱ्यात आणि गाद्यांजवळ त्या धोक्याच्या. टॉर्च आणि सेल घ्यावेत.

नारिंगी दिवस गच्चीचा आणि गॅलरीचा. सगळ्यात मोठं काम हेच, आणि लोक नेमकं हेच शेवटावर टाकतात. गच्चीवरची प्लास्टिकची टाकी रिकामी असेल तर ती उडते. काठोकाठ भरली की हजार लिटरच्या टाकीला टनभर वजन येतं, आणि वीज गेल्यावर मोटर बंद पडली तरी पाणी राहतं. झाकण दोरीने बांधायचं. पत्र्याच्या शेडवर दगड ठेवायची आपल्याकडे सवय आहे, पण वादळात पत्रा उचलला की तेच दगड खालच्या माणसांवर येतात. दगड काढायचे, पत्र्याचे हुक घट्ट आहेत का बघायचे, आणि जो पत्रा हाताने हलतो तो उतरवून ठेवायचा. मे महिना असेल तर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर असणार. तो आत घ्यायचा, आत येत नसेल तर पाणी काढून स्टँडला तारेने आवळायचा. कुंड्या, कपड्यांच्या काठ्या, डिशची छत्री, सगळं आत.

स्लायडिंग खिडक्यांना टेप लावल्याने काच वाचत नाही, फक्त तुकडे मोठे पडतात. प्लायवूड बाहेरून ठोकता आलं तर उत्तम. तिसऱ्या मजल्यावर ते जमत नाही, म्हणून खिडकी लॉक करायची, खालच्या खाचेत जुनं फडकं कोंबायचं (पाणी तिथूनच आत येतं), जाड पडदा ओढायचा आणि पलंग तिथून हलवायचा. "दाब कमी व्हावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवा" हे ऐकू नका. वारा आत शिरला की तो छताला आतून रेटतो.

आता बसायचं कुठे? ताईच्या घरात दक्षिणेची खोली बाद, कारण गॅलरीचा मोठा काचेचा दरवाजा तिथेच. स्वयंपाकघरात सिलिंडर आणि फळ्यांवरची भांडी. उरतं ते संडास-बाथरूमसमोरचं बोळ: तिन्ही बाजूंना भिंती, वर स्लॅब, बाहेरची काच एकही नाही. तिथे गाद्या अंथरायच्या आणि खोलीचं दार लावून घ्यायचं. चौथ्या मजल्यावरच्यांनी, विशेषतः ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांनी, खाली यावं. पण तळमजल्यावर नको, मिठी खाडीच्या बाजूला जोराच्या पावसात पाणी तुंबतं आणि समुद्राला भरती असेल तर ते उतरायला वेळ लागतो. पहिला-दुसरा मजला बरा. तिथल्या शेजाऱ्यांशी बोलणं नारिंगी दिवशीच उरकायचं. ताईच्या भागात समुद्राची लाट येण्याची भीती नाही, समुद्र बराच दूर आहे. डुमस-हजिराच्या बाजूच्या नातेवाइकांना मात्र बोळाची गरज नाही. त्यांना हलायला सांगितलं की निघायचं, भरतीच्या वेळेआधी.

लाल इशारा आला की नवं काम काढायचं नाही. वादळ जमिनीवर येण्याची वेळ ही केंद्राची असते, वारा त्याच्या कित्येक तास आधी सुरू होतो. रेग्युलेटर बंद, फ्रिज-टीव्हीचे प्लग काढलेले, फोन आणि पॉवरबँक पूर्ण चार्ज. लिफ्ट वापरायची नाही. केंद्र नेमकं डोक्यावरून गेलं तर मध्येच वारा पडतो, पोरं गच्चीवर पळतात. तेव्हा कुणालाही बाहेर सोडू नका, थोड्या वेळाने उलट्या दिशेने तेवढाच जोर येतो. पत्रकात "धोका टळला" आल्यावरच दार उघडायचं.

लाल पत्रकात किनाऱ्यापलीकडच्या जिल्ह्यांचाही अंदाज असतो. त्यात धुळे, नंदुरबार, जळगाव आहे का ते इकडच्यांनी बघावं, केळीच्या बागेला टेकू द्यायचे तर तेवढाच वेळ हातात असतो. ताईला सारखे फोन लावू नयेत, तिची बॅटरी संपते. एसएमएस कमी सिग्नलमध्येही जातो. अडचण आली तर 112, किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा 1077. आणि वीज परत आली तरी तळमजल्यावरच्या मीटरच्या पेटीत पाणी गेलं असेल तर मेन स्विच स्वतः चालू करायचा नाही, वायरमनने बघितल्यावरच.