धोंड्यावरचे खळगे: फोटोवरून ठरवताना

नागपूरजवळच्या जुनापाणीला शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन काळी माणसाने गोलाकार मांडलेले धोंडे आहेत. त्यातल्या काही धोंड्यांवर माणसाने ओळीत कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी १९व्या शतकातच त्यांची नोंद केली होती. ते बघून आल्यावर मला प्रत्येक काळ्या धोंड्यावर तेच दिसायला लागलं. त्यात एका मित्राने शेताच्या बांधावरच्या धोंड्याचा फोटो पाठवला आणि मी लगेच कळवून टाकलं, "कोरलेलेच आहेत!"

घाई नडली. फोटो भर दुपारचा होता. डोक्यावरचं ऊन खळग्याच्या तळापर्यंत पोचतं, सावली पडत नाही आणि दगडफुलाचे गोल ठिपकेही खळग्यांसारखे दिसतात. शिवाय उजेड कुठून येतोय हे ठाऊक नसलं की खळगा फुगवट्यासारखाही दिसतो. म्हणून आता मी आधी सकाळी सातच्या सुमाराचा, तिरप्या उन्हातला फोटो मागतो. शेजारी पट्टी हवी, निदान एखादं नाणं तरी, आणि धोंड्याच्या सगळ्या बाजू हव्यात.

मित्राने तसे फोटो पाठवले आणि धोंड्याची फुटकी बाजू पहिल्यांदाच दिसली. तिथेही खळगे होते, मुगाएवढ्यापासून सुपारीएवढे, कसेही विखुरलेले. दोन-तीन खळग्यांत पांढरा खडा अजून चिकटून होता. हा काळा दगड लाव्हा थिजून झालेला आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं भरतात आणि पृष्ठभाग झिजला की ती गळून पडतात. दगडाच्या आत असलेले खळगे कोणी कोरणार कसे?

मला सगळ्यात उपयोगी पडते ती खळग्याची कड. बुडबुडा गोल असतो, म्हणून त्याचं तोंड कधी कधी पोटापेक्षा अरुंद राहतं. दगडाने ठोकून केलेला खळगा तसा होत नाही, कारण ओठाखाली घाव घालायला हात पोचतच नाही. तो वरून रुंद आणि खाली निमुळता, वाटीसारखा होतो. पण याची उलट बाजूही लक्षात ठेवा: नैसर्गिक खळग्याची कड झिजली की तोही वाटीच होतो. म्हणजे अरुंद तोंड दिसलं तर खळगा नैसर्गिक म्हणायला हरकत नाही, रुंद तोंडावरून मात्र काहीच ठरत नाही.

रंगही बघावा. खळग्याचा तळ आजूबाजूपेक्षा फिका, करडा असेल तर घाव ताजा समजावा. नांगर, पहार, जेसीबीचे दात, काहीही असू शकतं. रंग सारखाच असेल तर खळगा जुना आहे एवढंच कळतं, तो कोणी केला ते नाही.

मित्राच्या धोंड्यावरचे बहुतेक खळगे बुडबुड्यांचेच निघाले. माथ्यावरचे तीन मात्र सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, प्रत्येकी साधारण चार सेंटिमीटर रुंद आहेत आणि त्यांच्याएवढा खळगा फुटक्या बाजूला एकही नाही. त्यांच्याबद्दल मी मित्राला अजून काही कळवलेलं नाही. तळ गुळगुळीत आहे की खडबडीत, हे तिथे जाऊन बोट फिरवल्याशिवाय कळणार नाही.