फिरणारी गिट्टी काढताना या चुका टाळा

मंगळवार पेठेत आत्याकडे गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीचा हुक बदलायचा होता. स्क्रू उलटा फिरवला की भिंतीतली प्लास्टिकची गिट्टीही त्याच्यासोबत गरगर फिरायची. आतेभाऊ ड्रिल घेऊन तयारच होता. म्हटलं, "थांब भावा, भोकाचं वाटोळं करशील."

पहिली चूक हीच. ड्रिलचा बिट मऊ प्लास्टिकला कापण्याऐवजी त्यात अडकतो आणि गिट्टीला सोबत फिरवतो. नाहीतर घसरून बाजूला जातो. बाजूला असतो गिलावा आणि वीट, तेच आधी झडतं. मग ६ मिमीच्या भोकात ८ मिमीची गिट्टी ठोकायची वेळ येते.

दुसरी चूक म्हणजे स्क्रू पूर्ण आत पिळणं. स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते, ती बनवलेलीच त्यासाठी असते. ती ओढून काढायला तीन-चार आटे बसले तरी पुरतात. आधीच्यापेक्षा थोडा जाड स्क्रू घ्या. गिट्टी फिरत असेल तर तिच्या कडेला आणि गिलाव्याच्या मधे बारीक चपट्या पेचकसाचं टोक हलकेच खुपसून धरा आणि मग स्क्रू फिरवा. हातोड्याच्या मागच्या चिमट्याखाली लाकडाची फळी ठेवून सरळ बाहेर ओढा. तिरकं ओढलं तर भोकाचा वरचा काठ तुटतो. नुसता स्क्रूच हातात आला तर आणखी एक-दोन आटे बसवून पाहा.

आत्याच्या गिट्टीने मात्र फसवलं. पश्चिमेचं ऊन खाऊन ती कडक झाली होती. कॉलर तुटली आणि बाकीची आतच राहिली. मग जुना स्क्रू पकडीत धरून गॅसवर दहाएक सेकंद तापवला, लाल होऊ दिला नाही. उरलेल्या तुकड्यात सेंटीमीटरभर सरळ दाबला. प्लास्टिक वितळून आट्यांत शिरतं आणि थंड झालं की घट्ट धरतं. मी घाई केली, मिनिटभरातच ओढला, तर स्क्रूबरोबर नुसत्या चिकट तारा आल्या! दुसऱ्यांदा स्क्रूला हात लावून तो गार झाल्याची खात्री केली, तेव्हा अख्खा तुकडा बाहेर आला. हे करताना खिडकी उघडी ठेवा, कारण धूर वाईट असतो. आणि स्विचबोर्डजवळ किंवा वायर गेली असेल तिथे हा प्रयोग अजिबात नको.

तळाशी एखादा चुरा राहिला तर लांब टोकाच्या पकडीने निघतो. नाहीच निघाला तर खिळा घालून खोली मोजा. नवी गिट्टी पूर्ण बसेल एवढी जागा असेल तर त्याला तिथेच राहू द्या, उकरत बसू नका.

नवी गिट्टी हातोडीच्या हलक्या टकटकीने आत गेली पाहिजे. नुसत्या अंगठ्याने सुळकन गेली तर भोक आधीच सैल झालंय, ती पुन्हा फिरणार. आत्याची टकटकीनेच गेली. संध्याकाळी दोरीवर ओली चादर होती.