मॅरेथॉनला एनर्जी जेल किती न्यायच्या, हिशोब असा करा

बरेच जण एकूण वेळेला सरळ भागाकार करतात आणि तिथेच एक जेल जास्त घेतली जाते. समजा तुमचा अंदाज साडेचार तासांचा आहे, म्हणजे 270 मिनिटं, आणि दर 45 मिनिटांनी जेल घ्यायची तर भागाकार येतो 6, पण सहावी जेल पडते नेमकी 270 व्या मिनिटाला, म्हणजे फिनिश लाइनवर, तिचा काय उपयोग? म्हणून 45, 90, 135, 180, 225 अशा पाचच. शेवटच्या 20-25 मिनिटांत घेतलेल्या जेलचा तसाही फारसा फायदा होत नाही.

मी स्वतः दर 30 मिनिटांनी घेते, म्हणजे 30 पासून 240 पर्यंत 8 जेल. एकीत साधारण 25 ग्रॅम कार्ब्स असतील तर तासाला 50 ग्रॅम होतात, पण पाकीट बघून घ्या, प्रत्येक ब्रँडचं वेगळं असतं. वर एक एक्स्ट्रा ठेवा, घामेजल्या हातातून पडतेच एखादी.

घड्याळात रिपीट अलर्ट मिनिटांवर लावा, किलोमीटरवर नको, कारण 30 किलोमीटरनंतर पेस पडला की प्रत्येक किलोमीटरला जास्त वेळ लागतो आणि नेमकी गरज असताना जेल उशिरा मिळते. आणि अलर्ट वाजल्यावर समोर पाण्याचा स्टॉल दिसत असेल तर जेल दोनेक मिनिटं लांबवून तिथे पाण्यासोबत घ्या, कोरडी घेतली तर पोटात मळमळतं, पुढची मात्र ठरल्या वेळेलाच.